व्याजावर व्याज: लेजरवाल्या काकांचं एक प्रकरण

मुंबई, ठाणे, पुणे पट्ट्यातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या पदाधिकाऱ्यांचा एक फेसबुक ग्रुप आहे आणि त्याच्या ॲडमिनपैकी मी एक. सेक्रेटरी, खजिनदार आणि कमिटीत नुकतेच ओढले गेलेले लोक तिथे प्रश्न टाकतात. लिफ्टचा खर्च पहिल्या मजल्यावाल्यानेही द्यायचा का, भाडेकरू ठेवला तर किती आकारायचं, कुत्र्यावरून भांडण झालं तर काय करायचं, असं सगळं चालतं. उत्तरं देणारेही पुष्कळ असतात, कारण सोसायटीच्या कायद्यातलं आपल्याला सगळं कळतं असं आपल्याकडे प्रत्येकालाच वाटतं.

या गर्दीत एक अकाउंटंट आहेत. नाव देत नाही, त्यांना ते आवडणार नाही. ग्रुपवर सगळे त्यांना लेजरवाले काका म्हणतात. एका व्यापारी पेढीत आयुष्यभर खतावणी लिहिलेला माणूस. बी.कॉम., सी.ए. नव्हे. प्रोफाइलला फोटो नाही, 'सुप्रभात' नाही, वाढदिवसाच्या शुभेच्छा नाहीत. सुरुवातीला त्यांची उत्तरं कुणी वाचतही नव्हतं, कारण ती उशिरा यायची. कुणी सकाळी प्रश्न टाकला की दुपारपर्यंत दहा मतं पडलेली असत आणि काकांचं उत्तर रात्री, ऑफिस सुटल्यावर येई.

आज मात्र पैशाचा प्रश्न आला की कुणीतरी लगेच लिहितं, "काकांची वाट बघा." हे कसं घडलं ते एका प्रकरणातून नीट दिसतं, म्हणून ते सविस्तर मांडतो. त्याआधी थोडी पार्श्वभूमी.

त्यांचं मला आठवणारं पहिलं नीट उत्तर भोगवटेतर शुल्काबद्दल होतं. मालक स्वतः राहत नाही, फ्लॅट भाड्याने देतो, तेव्हा सोसायटी जे जादा घेते ते शुल्क. एका सोसायटीने सर्वसाधारण सभेत ठराव करून दरमहा पाच हजार लावले होते. ग्रुपवर बहुतेकांचं म्हणणं, सभा सर्वोच्च, ठराव झाला म्हणजे झाला. काकांनी चार ओळी लिहिल्या. 1 ऑगस्ट 2001 च्या शासन आदेशानुसार हे शुल्क सेवा आकाराच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2007 मध्ये तो आदेश कायम ठेवला आहे. 10 टक्के काढायचे ते पूर्ण बिलावर नाही, फक्त सेवा आकारावर. मालमत्ता कर त्यात धरायचा नाही. तुमचा सेवा आकार 2,000 असेल तर मर्यादा 200. शेवटी एक प्रश्न: "फ्लॅटमध्ये राहणारी व्यक्ती मालकाची कोण?" जावई राहत होता. मग 200 सुद्धा घेता येत नव्हते, कारण जवळच्या नातेवाइकांना हे शुल्क लागू नाही.

या उत्तराला फारसे लाइक पडले नाहीत. सभेच्या अधिकारावर ठणकावून लिहिणाऱ्याला त्याहून जास्त पडले. पण काकांची पद्धत तेव्हाच ठरलेली दिसते. नियम कुठला ते सांगायचं, तो कशावर लागतो ते सांगायचं, समोरच्याचेच आकडे घालून हिशोब दाखवायचा आणि ज्या माहितीवाचून उत्तर अडतं ती मागायची.

आता मुख्य प्रकरण.

डोंबिवलीच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरीताईंनी प्रश्न टाकला. एका सभासदाने पाच वर्षं मेंटेनन्स दिलेला नाही. मधे एकदा पन्नास हजारांचा चेक दिला, बस. सॉफ्टवेअरमधून निघालेली थकबाकी 2,29,886 रुपये. सभासद म्हणतो, हे सावकारी व्याज आहे, मी उपनिबंधकांकडे जातो. कमिटी म्हणते, 21 टक्के व्याज नियमात बसतं, एक पैसा सोडायचा नाही. बरोबर कोण?

नेहमीप्रमाणे धडाधड उत्तरं आली. ग्रुपवर एक सल्लागार आहेत, आवाज मोठा, लिखाणात उद्गारचिन्हं भरपूर. त्यांनी लिहिलं की आदर्श उपविधींत 21 टक्के स्पष्ट लिहिलंय, वसुलीचा दाखला काढा, विषय संपला. दुसऱ्या बाजूला, सोसायटी म्हणजे बँक नव्हे, व्याज माफच करायला हवं, असं म्हणणारेही निघाले. दोन्ही बाजू 21 या आकड्याभोवती भांडत होत्या.

रात्री काका आले. उत्तर दिलंच नाही, तीन गोष्टी मागितल्या. एक, व्याजाचा दर ठरवणारा सर्वसाधारण सभेचा ठराव, इतिवृत्तात आहे तसा. दोन, त्या सभासदाची लागोपाठच्या दोन महिन्यांची बिलं, नाव आणि फ्लॅट नंबर झाकून. तीन, पन्नास हजारांच्या चेकसोबत पत्र होतं का, आणि पावतीवर काय लिहिलं होतं.

पहिली मागणी वरवर पाहता फाटे फोडणारी वाटते, पण तशी ती नाही. 21 टक्के ही उपविधींनी घातलेली कमाल मर्यादा. प्रत्यक्ष दर सर्वसाधारण सभेने ठरवायचा असतो. सभेने 12 ठरवला असेल तर सॉफ्टवेअरमध्ये 21 टाकून ठेवणाऱ्या खजिनदाराला काहीही आधार राहत नाही. सेक्रेटरीताईंना इतिवृत्ताचं जुनं रजिस्टर शोधायला काही दिवस लागले. ठराव सापडला: दरसाल 21 टक्के, सरळव्याज. मोठ्या आवाजातले सल्लागार खूश झाले, "मी काय म्हणत होतो!" असं लिहून गेले.

काकांचं लक्ष मात्र शेवटच्या शब्दावर होतं.

बिलं आली. दरमहा मेंटेनन्स 3,000. शेवटच्या दोन बिलांत व्याजाच्या रकान्यात 3,784 आणि 3,902. काकांनी लिहिलं, ते थोडक्यात असं. वर्षाला 21 टक्के म्हणजे महिन्याला पावणेदोन टक्के. 3,000 वर महिन्याचं व्याज 52.50 रुपये. दर महिन्याला एक नवं 3,000 चं बिल थकतं, म्हणून पुढच्या महिन्याचं व्याज आधीच्यापेक्षा बरोबर 52.50 ने वाढायला हवं. पहिला महिना असो की एकोणसाठावा, वाढ तेवढीच. मेंटेनन्सचा दर बदलला किंवा मधे पैसे भरले तरच ती बदलेल. तुमच्या बिलांत वाढ 118 रुपये आहे. याचा अर्थ सॉफ्टवेअर व्याजावर व्याज लावतंय.

एवढंच. कागद-पेन्सिल घेऊन कुणीही करावी अशी ही वजाबाकी, आणि तोवर ती कुणीही केली नव्हती. सोसायटीच्या अंतर्गत लेखापरीक्षणातही ती सुटली होती. माझ्या मते हे उत्तर गाजलं त्याचं कारण हेच. लोकांना निकाल मिळाला तसं मोजमापही मिळालं, जे त्यांना त्याच रात्री स्वतःच्या बिलावर लावून बघता येत होतं. अनेकांनी बघितलंही. काहींचा आकडा जुळला, काहींचा नाही, आणि ज्यांचा जुळला नाही ते दुसऱ्या दिवशी आपापली बिलं घेऊन हजर झाले.

चूक येते कुठून, तेही काकांनी सांगितलं. सभासदाच्या खात्यावर मेंटेनन्सची रक्कम नावे पडते. व्याजाचं बिल निघालं की तेही त्याच खात्यावर नावे पडतं. पुढच्या महिन्यात सॉफ्टवेअर खात्याची अखेरची शिल्लक उचलतं आणि तिच्यावर पावणेदोन टक्के लावतं. त्या शिल्लकेत मागचं व्याज आधीच मिसळलेलं असतं. कुणी मुद्दाम काही केलेलं नसतं, फक्त मुद्दल आणि व्याज एकाच खात्यात राहतात. उपाय म्हणजे दोन्हींची शिल्लक वेगळी ठेवायची आणि व्याज काढताना फक्त मुद्दलाच्या शिल्लकेला हात लावायचा. बऱ्याच पॅकेजांत तशी सोय असते, सुरुवातीला निवडावी लागते. हाताने वही ठेवणाऱ्यांनी तीन रकाने करावेत: मुद्दल, व्याज, एकूण.

पहिल्या एक-दोन वर्षांत हा फरक डोळ्यांत भरत नाही. चोवीस महिने काहीच भरलं नाही असं धरलं, तर सरळव्याज 14,490 होतं आणि चक्रवाढीने सुमारे 16,530. दोन हजारांसाठी कोण भांडतंय? पण साठ महिन्यांना तेच आकडे 92,925 आणि सुमारे 1,34,000 होतात. म्हणजे नेमका जो थकबाकीदार जुना, चिवट आणि उपनिबंधकांकडे जाण्याच्या तयारीत असतो, त्याच्याच खात्यात ही चूक सर्वांत मोठी झालेली असते आणि सोसायटीची बाजू तिथेच लंगडी पडते.

राहिला पन्नास हजारांचा चेक. इथे काकांनी जे केलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण हा भाग निव्वळ गणिताचा नव्हता.

सभासदाने एप्रिल 2018 पासून भरणं थांबवलं होतं. सप्टेंबर 2020 अखेर, म्हणजे तीस बिलं थकल्यावर, चेक दिला. त्या दिवशी मुद्दल 90,000 आणि सरळव्याजाने व्याज 22,837.50 होतं. आता हे पन्नास हजार कशात जमा करायचे? आधी व्याज फेडलं तर उरलेले 27,162.50 मुद्दलातून वजा होतात. आधी मुद्दल फेडलं तर मुद्दल थेट 40,000 वर येतं, आणि 22,837.50 चं व्याज तसंच पडून राहतं, ज्यावर पुढे व्याज चढत नाही. पुढच्या तीस महिन्यांत या एका निर्णयाचा फरक जवळपास 12,000 रुपये पडतो.

काकांनी मार्च 2023 अखेरचे तीन आकडे एकाखाली एक लिहिले. सॉफ्टवेअरप्रमाणे 2,29,886. सरळव्याज, चेक आधी व्याजात: 2,08,665. सरळव्याज, चेक आधी मुद्दलात: 1,96,675. खाली लिहिलं की पहिला आकडा ठरावाशी विसंगत आहे, तो सोडून द्या. उरलेल्या दोघांतला कुठला, ते कागदांवर ठरेल. भारतीय करार कायद्याच्या 59 ते 61 या कलमांचा गाभा त्यांनी सोप्या भाषेत दिला. पैसे देणाऱ्याने कशापोटी देतो ते सांगितलं आणि घेणाऱ्याने ते घेतले, तर तसेच लावायचे. त्याने सांगितलं नाही तर घेणाऱ्याला ठरवता येतं. वेगळं काही ठरलेलं नसेल तर आधी व्याज मग मुद्दल, असा न्यायालयांचा सर्वसाधारण कल आहे. "चेकसोबत पत्र नव्हतं असं तुम्ही म्हणता. सभासदालाही एकदा विचारा. त्याच्याकडे पत्राची पोच असेल तर दुसरा आकडा सोडावा लागेल."

सोसायटीच्या बाजूने विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तरात त्यांनी सभासदाच्या हातात काय असू शकतं तेही उघड लिहिलं. मोठ्या आवाजातल्या सल्लागारांना हे अजिबात रुचलं नाही. आपण सोसायटीला सल्ला देतोय की डिफॉल्टरला, असा त्यांचा सवाल. काकांनी उलट विचारलं, उपनिबंधकांसमोर तो कागद पहिल्यांदा बघायला आवडेल का? त्यापलीकडे ते वादात उतरले नाहीत. मी ॲडमिन म्हणून सांगतो, ग्रुपवर माणसांची किंमत वाढते आणि घसरते ती बहुतेक वेळा अशाच क्षणी. टोमणा आला की चांगली जाणकार माणसं तीन-तीन पानी प्रत्युत्तरं लिहितात आणि मूळ प्रश्नकर्ता गायब होतो.

पत्र नव्हतं. सभासदाने तसं मान्य केलं. कमिटीने सुधारित हिशोब त्याच्या हाती दिला, महिन्यावार तक्त्यासकट, आणि सर्वसाधारण सभेपुढे ठेवला. 2,08,665 वर तडजोड झाली, तीन हप्त्यांत पैसे आले. 'सावकारी' हा शब्द परत कुणी काढला नाही. हिशोब समोर आल्यावर त्याला भांडायला 21 टक्के एवढंच उरलं, आणि तो दर तर सभेचाच होता. ज्या सभेत तो ठरला, तिथे तो स्वतः हजर होता.

सेक्रेटरीताईंना वाटलं, प्रकरण मिटलं. काकांनी आठवण दिली की वह्यांत अजून मिटलेलं नाही. सॉफ्टवेअरने लावलेलं जादा व्याज, म्हणजे दोन आकड्यांमधले 21,221 रुपये, गेल्या वर्षांच्या जमाखर्चात उत्पन्न म्हणून दाखवलं गेलं होतं आणि ताळेबंदात सभासदाकडून येणं म्हणून उभं होतं. आता ते येणार नाही. तेव्हा 'मागील वर्षांत जादा आकारलेलं व्याज' असं वेगळं खातं काढून ते नावे टाकायचं, सभासदाचं खातं जमा करायचं, व्हाउचरला सुधारित तक्ता आणि सभेचा ठराव जोडायचा, आणि लेखापरीक्षकांना आपणहून दाखवायचं. चालू वर्षाच्या व्याजातून गुपचूप वजा करू नका, कारण मग पुढच्या वर्षी कुणालाच कळणार नाही की व्याज एकदम कमी का झालं. शिवाय सॉफ्टवेअर काही एकाच सभासदासाठी चुकत नसतं. इतर थकबाकीदारांची खाती तपासली तेव्हा आणखी काही सदनिकांची बिलं दुरुस्त करावी लागली. त्यांच्यापैकी कुणी तक्रार केलेली नव्हती.

या प्रकरणानंतर ग्रुपवर काकांकडे बघण्याची नजर बदलली, हे खरं. पण एका गाजलेल्या उत्तराने पत तयार होते असं मला वाटत नाही, आणि इथे मला त्यांची एक सवय सांगायची आहे जी बाहेरून दिसतच नाही. ते आपली जुनी उत्तरं दुरुस्त करत राहतात.

जीएसटीचं उदाहरण घेऊ. 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा सोसायटीच्या मेंटेनन्सला दरमहा दर सभासद 5,000 रुपयांपर्यंत सूट होती. 25 जानेवारी 2018 पासून ती 7,500 झाली. काकांनी आपल्या जुन्या उत्तरांत जिथे जिथे 5,000 लिहिलं होतं, तिथे तिथे जाऊन खाली तारखेसह एक ओळ जोडली. मूळ मजकूर खोडला नाही. पुढे जुलै 2019 मध्ये केंद्राचं परिपत्रक आलं की 7,500 ची मर्यादा ओलांडली तर कर पूर्ण रकमेवर लागेल, फक्त वरच्या भागावर नाही. पुन्हा ओळ जोडली. जुलै 2021 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने उलट म्हटलं, कर फक्त 7,500 च्या वरच्या रकमेवर. आणखी एक ओळ, सोबत सूचना: "हा निर्णय मद्रासचा आहे. विभागाचं परिपत्रक पूर्ण रकमेवर म्हणतं. कमी कर भरायचा असेल तर आधी आपल्या कर सल्लागाराकडून लेखी मत घ्या."

या ओळींचं मोल कळतं ते अशा प्रश्नात. चाळीस सदनिकांची सोसायटी, बिल दरमहा 8,400, घाबरलेला खजिनदार. काका विचारतात, यात मालमत्ता कर किती? 1,050. तो महापालिकेकडे जाणारा सरकारी आकार आहे, मर्यादेसाठी धरत नाहीत. उरले 7,350. सोसायटीची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या वर आहे खरी, पण कर लागायला दोन्ही अटी पूर्ण व्हाव्या लागतात आणि इथे दुसरी होत नाही. म्हणजे मेंटेनन्सवर कर नाही. इथवर कुणीही सांगेल. पुढचं वाक्य काकांचं: "पुढच्या सभेत दोनशे रुपये वाढवायचा विचार असेल तर आधी हे बघा. 7,350 चे 7,550 झाले की परिपत्रकाप्रमाणे पूर्ण 7,550 वर 18 टक्के, म्हणजे 1,359 रुपये कर. सोसायटीला दोनशे हवेत, सभासदाच्या खिशातून 1,559 जातील." खजिनदाराने सभेत शंभराचीच वाढ मांडली.

असंच वसुलीच्या बाबतीतही. सोसायट्या वर्षानुवर्षं कलम 101 खाली वसुलीचा दाखला मागत आल्या. 2019 च्या दुरुस्तीने सहकार कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण आलं आणि वसुलीची तरतूद 154ब-29 मध्ये गेली. 101 लिहिलेली काकांची सगळी जुनी उत्तरं आज उघडली तर खाली नवं कलम सापडतं. इतरांची सापडत नाहीत. ग्रुपवर शोध घेऊन येणारा माणूस उत्तर कधी दिलं हे बघत नाही, तो वाचतो आणि अर्ज लिहायला बसतो. जुनं कलम घालून केलेला अर्ज परत आला की तो सांगतो, फेसबुकवरचं ऐकू नका. काकांच्या उत्तरांबद्दल तसं कुणी म्हणताना मी पाहिलं नाही, आणि ते या कंटाळवाण्या कामामुळे. ते करायला मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं, त्यांनीही कधी दाखवलं नाही. संपादनाचा इतिहास बघताना योगायोगाने दिसलं.

पत वाढली तशी एक अडचणही वाढली. लोक त्यांच्या उत्तराचा स्क्रीनशॉट कापून फिरवायला लागले. डोंबिवलीच्या प्रकरणातून कुणीतरी फक्त "सॉफ्टवेअर व्याजावर व्याज लावतंय" एवढी ओळ कापली, आणि दुसऱ्या एका सोसायटीत थकबाकीदारांनी ती दाखवून व्याजच द्यायला नकार दिला. तिथला हिशोब सरळव्याजाचाच होता, चूक काहीच नव्हती. खजिनदार वैतागून ग्रुपवर आले. तेव्हापासून काका अट पहिल्या ओळीत घालतात. "तुमचा ठराव सरळव्याजाचा असेल आणि मधे रक्कम भरली नसेल, तरच पुढचं लागू." वाचायला हे रुक्ष वाटतं. पण वरून कापलं तर वाक्य अर्धवट दिसतं, आणि खालून कापलं तर अट हातात राहते. इतक्या साध्या बदलाने निम्मे घोळ थांबले. उरलेले थांबत नाहीत. माणूस एकदा 'काकांनी सांगितलंय' म्हणायला लागला की काकांनी काय सांगितलं ते कोण बघतो?

कशाचं उत्तर ते देत नाहीत, हेही हळूहळू सगळ्यांना पाठ झालं. मयत सभासदाचा फ्लॅट कुणाच्या नावे करायचा, नॉमिनी आणि वारस यांच्यात भांडण आहे, पुनर्विकासाचा करार बरोबर आहे का, अशा प्रश्नांवर त्यांची एकच ओळ असते: "हा वह्यांचा प्रश्न नाही, वकिलांना दाखवा." सुरुवातीला काहींना हा तुटकपणा वाटला. मला तो त्यांच्या बाकीच्या उत्तरांचा आधार वाटतो. सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का आणि दुरुस्ती निधी किमान पाऊण टक्का, दोन्ही वार्षिक, आणि त्या खर्चात जमिनीची किंमत धरायची नाही, हे जो माणूस न चुकता सांगतो, तो वारसाच्या प्रश्नावर गप्प बसतो तेव्हा त्याला आपली हद्द ठाऊक आहे हे दिसतं.

इनबॉक्समध्ये साहजिकच कामं यायला लागली. "काका, आमच्या सोसायटीचं ऑडिट तुम्हीच करा." ते त्यांना करता येत नाही, आणि हे ते ग्रुपवर उघड लिहितात. सोसायटीचं वैधानिक लेखापरीक्षण शासनाच्या नामतालिकेवरच्या लेखापरीक्षकाकडूनच व्हावं लागतं, आणि काकांचं नाव तिथे नाही. त्यांना वह्या लिहिता येतात, बिलं तयार करता येतात, ताळेबंदाचा मसुदा करून देता येतो, सही दुसऱ्याची. आमच्या ग्रुपवरच्या बऱ्याच पदाधिकाऱ्यांना हा फरक त्या दिवशी पहिल्यांदा कळला. काही सोसायट्यांत वर्षानुवर्षं वह्या लिहिणारा आणि त्या तपासणारा माणूस एकच होता, हेही त्याच चर्चेत बाहेर आलं.

पेढीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी काही लहान सोसायट्यांच्या वह्या घेतल्या आहेत. एक नियम स्वतःच घालून घेतलाय. ज्या सोसायटीचा वाद ग्रुपवर चालू आहे आणि ज्यात त्यांनी उत्तर दिलंय, तिचं काम तो वाद मिटेपर्यंत घेत नाहीत. डोंबिवलीच्या सेक्रेटरीताईंनी प्रकरण ऐन रंगात असताना विचारलं होतं, तेव्हा नाही म्हणाले. मला तेव्हा हा जरा अतिरेक वाटला होता, अजूनही थोडा वाटतो. माणूस जाणकार आहे, कष्ट करतोय, घ्यावेत पैसे. पण तिसरा हप्ता जमा झाल्यावर ताईंनी पुन्हा विचारलं. काकांनी आधी सॉफ्टवेअरमध्ये मुद्दल आणि व्याजाची खाती वेगळी करून घ्यायला सांगितली. ती झाल्यावर त्या वर्षाच्या एप्रिलपासूनच्या वह्या त्यांनी हातात घेतल्या.